पावसाळी हवेतली हनीकोम्ब टॉफी: पाक, सोडा आणि बरणी

हनीकोम्ब टॉफी म्हणजे साखरेचा कडक पाक. त्यात ऐन वेळी खायचा सोडा टाकायचा, की तो फसफसून वर येतो आणि तसाच थिजतो. तोडल्यावर आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, म्हणून हे नाव. मध घालायलाच हवा असं नाही, आणि किनारपट्टीवर राहत असाल तर घालूच नये. त्याचं कारण पुढे येईल. इंग्लंडमध्ये हिला सिंडर टॉफी म्हणतात, न्यूझीलंडमध्ये होकी पोकी. आपल्याकडे काहींना ती चॉकलेटच्या आवरणातल्या क्रंची या बारमुळे माहीत असते.

मी रत्नागिरीत राहते. जून ते सप्टेंबर इथे मिठाच्या बरणीत पाणी सुटतं आणि पापड नुसता समोर ठेवला तरी मऊ पडतो. अशा हवेत ही टॉफी पहिल्यांदा केली तेव्हा ती सुरेख फुलली आणि छान तुटली. तासाभराने ताटलीत पाहिलं तर तुकडे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झालेला. मग मी तीन-चार पावसाळे तिच्या मागे लागले. कृती एका परिच्छेदात मावते. खरं काम दोनच ठिकाणी आहे: पाक नेमका किती कडक हवा ते ओळखणं, आणि टॉफी झाल्यानंतरचा अर्धा तास.

काय लागतं

साखर २०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज ७० ग्रॅम, पाणी पाव वाटी म्हणजे ५० मिली, आणि खायचा सोडा मापाच्या छोट्या चमच्याने दीड चमचा, सपाट, म्हणजे साधारण ७ ग्रॅम. लिक्विड ग्लुकोज केकचं सामान मिळतं त्या दुकानात मिळतं. ते फार चिकट असतं. आधी चमचा आणि बोटं ओली करा आणि थेट साखरेवरच तोलून घ्या, वाटीत काढायला जाऊ नका.

सोडा म्हणजे खायचाच सोडा. बेकिंग पावडर चालत नाही. तिच्यात आंबट क्षार आणि स्टार्च मिसळलेला असतो, त्यामुळे तेवढ्याच मापात वायू कमी निघतो आणि टॉफी बुटकी राहते. फ्रूट सॉल्टही नको. सोड्याचा पुडा कधी फोडला ते आठवत नसेल तर चिमूटभर सोड्यावर लिंबू पिळा. जोरात फसफसला तर वापरा, नाहीतर नवा आणा. मग तो बारीक चाळणीतून चाळून वाटीत काढून ठेवा. चाळणं टाळू नका. सोड्याची एखादी गुठळी पाकात तशीच राहिली, तर खाताना साबण चावल्यासारखं लागतं.

भांडं मात्र मोठं हवं. पाव किलो पाक पाहता पाहता तिप्पट-चौपट वर येतो, म्हणून तीन लिटरचं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. आतून काळं असलेलं नॉनस्टिक नको, त्यात पाकाचा रंग दिसत नाही. आठ इंची चौकोनी केकच्या डब्यात बटर पेपर कडांच्या वरपर्यंत येईल असा लावून तयार ठेवा. पाक झाल्यावर पेपर शोधायला वेळ नसतो.

थर्मामीटर असेल तर उत्तम. पण तो आधी उकळत्या पाण्यात बुडवून पाहा. रत्नागिरीत, मुंबईत तो १०० अंश दाखवायला हवा. पुण्यात पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. जितके अंश कमी तितकेच पाकाच्या आकड्यातूनही वजा करायचे. माझी पुण्याची बहीण दोन वेळा टॉफी जरा जास्त गडद करून बसली. आकडा बरोबर होता, फक्त तो समुद्रकाठचा होता.

पाक

साखर, ग्लुकोज आणि पाणी पातेल्यात घ्या, मंद आचेवर ठेवा आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. कडेला दाणे चिकटले असतील तर ओल्या ब्रशने खाली उतरवा. उकळी आली की चमचा बाहेर काढा आणि आता अजिबात ढवळू नका. ढवळलं की पाकात दाणे धरायला लागतात आणि सगळी साखर पुन्हा साखर होते. ग्लुकोज त्यासाठीच घातलंय: ते साखरेच्या कणांना एकत्र येऊ देत नाही.

इथे आपली एक जुनी सवय मोडायची आहे. पाकाची साखर होऊ नये म्हणून आपण लिंबाचे चार थेंब टाकतो. ते गुलाबजामच्या पाकाला ठीक. इथे लिंबाचा आंबटपणा आणि उष्णता मिळून साखरेचे दोन भाग करतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. फ्रुक्टोज हवेतलं पाणी साखरेपेक्षा कितीतरी जास्त ओढून घेतं. मधात फ्रुक्टोज मुळातच भरपूर असतं. परदेशी कृतींत सर्रास दिसणारं गोल्डन सिरपही याच जातीचं. कोरड्या, थंड गावात ही दोन्ही चालतात, चवीलाही छान. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यात हीच टॉफी मधाची केली, तर ती ग्लुकोजवालीच्या आधी चिकट होते. गुळाचंही तेच. चव हवीच असेल तर चमचाभर मध घाला, पण ग्लुकोजच्या जागी नको.

आता मध्यम आच. ११०-११५ पर्यंत पारा भराभर चढतो, मग थोडा रेंगाळतो, कारण पाणी उडत असतं. या वेळात पंखा बंद करा, मुलांना बाहेर पाठवा, आणि कुकर लावलेला असेल तर तो उतरू द्या. कुकरची वाफ म्हणजे पुढच्या कामात हातानेच ओल आणणं. १३५ नंतर मात्र हलू नका, शेवटचे पंधरा अंश दोन-तीन मिनिटांत संपतात.

हवा तो आकडा १५०. तेवढ्याला पाकात पाणी जेमतेम एक टक्का उरतं आणि थंड झाल्यावर त्याची काच होते. १४० ला उतरवला तर टॉफी दिसायला तशीच होईल, फुलेलही, पण दाताला चिकटेल. १६० च्या पुढे गेला तर कडवट होतो, आणि सोडा पडल्यावर रंग आणि कडूपणा दोन्ही आणखी वाढतात. आच बंद केल्यावरही पातेल्याच्या गरमीने एक-दोन अंश चढतात, म्हणून मी १४८ लाच गॅस बंद करते.

थर्मामीटर नसेल तर आपली परीक्षा आहेच. सासूबाई संक्रांतीला तिळाच्या वड्यांचा पाक करताना थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकतात. गोळी झाली की ती स्टीलच्या ताटलीवर आपटतात आणि विचारतात, "वाजली का गं?" टण्ण वाजली तर पाक झाला. पण टॉफीला त्याच्याही एक पायरी पुढे जायचंय. पाण्यातला थेंब बाहेर काढून वाकवला तर न वाकता कट्कन तुटायला हवा, आणि चावला तर दाताला जराही न चिकटता चुरा व्हायला हवा. किंचितसुद्धा चिकटला तर अजून अर्धा मिनिट. परीक्षा घेताना गॅस मंद करा, नाहीतर तुम्ही थेंब चावत असताना पातेल्यात पाक करपलेला असतो. या वेळी रंग फिकट मधासारखा असतो. गडद होईपर्यंत थांबू नका, गडद रंग सोडा आणणार आहे.

सोडा

गॅस बंद. बुडबुडे जरा शांत होऊ द्या, पाच-सहा सेकंद पुरेत. मग चाळलेला सोडा सगळा एकदम, सगळीकडे पसरेल असा भुरभुरा आणि लांब दांड्याच्या व्हिस्कने भराभर ढवळा. मनात पाच आकडे मोजा, सहावा नको.

आत जे होतं ते समजलं की हे पाच आकडे पटतात. उष्णतेने सोड्यातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघते. आंबट काही लागत नाही, १५० अंशाची आच पुरते. पाक घट्ट असल्यामुळे हे बुडबुडे निसटून जाऊ शकत नाहीत, अडकतात आणि पाकाला वर उचलतात. त्याच वेळी मागे राहिलेल्या क्षारामुळे पाकाचा रंग डोळ्यांदेखत सोनेरी होतो आणि तो खमंग वास सुटतो. जास्त ढवळलं की अडकलेले बुडबुडे फुटतात. कमी ढवळलं तर सोड्याचे पांढरे पट्टे राहतात. दोन्हीच्या मधली वेळ तेवढीच आहे.

ढवळून झाल्याबरोबर पेपर लावलेल्या डब्यात ओता. पातेलं खरवडू नका, खाली राहिलं ते राहू द्या. डब्यात चमच्याने पसरू नका, केकसारखा डबा ओट्यावर आपटू नका, सरकवूही नका. आतला पाक अजून पाचेक मिनिटं श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो आणि मग स्थिर होतो. धक्का लागला तर मधोमध खड्डा पडतो आणि खाली टणक थर जमतो. पहिल्या खेपेला मी कौतुकाने डबा खिडकीपाशी नेला होता, फोटोसाठी. फोटोत खड्डाच आला.

भाजण्याबद्दल एवढंच: हा पाक कातडीला चिकटतो, म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो. थेंब उडाला तर लगेच नळाखाली वीस मिनिटं हात धरा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका. फोड आले किंवा भाग मोठा असेल तर डॉक्टरांकडे जा. पातेल्यासाठी घासणी झिजवू नका. त्यात पाणी घालून उकळा, सगळं आपोआप सुटतं.

पुढचा अर्धा तास

टॉफी म्हणजे साखरेची काच, आणि या काचेला पाण्याची भयंकर ओढ. कोरडी असते तेव्हा ती साठ-सत्तर अंशांपर्यंत काचेसारखीच कडक राहते. पण थोडंसं पाणी आत गेलं की मऊ पडण्याचं हे तापमान भराभर खाली येतं. ते खोलीच्या तापमानाखाली आलं की टॉफी बसल्या जागी मऊ होते. त्यात हिला जाळी आहे. साध्या गोळीपेक्षा हिचा हवेला लागणारा पृष्ठभाग कितीतरी जास्त. पावसाळ्यात आमच्याकडे हवेतली आर्द्रता सकाळी नव्वद टक्क्यांच्या घरात असते. खरं तर पन्नास टक्केही हिला जास्तच. म्हणजे उघडी टॉफी टिकेल अशी हवा आपल्या बहुतेक घरांत कधीच नसते. उन्हाळ्यात वेळ थोडा जास्त मिळतो, इतकंच.

म्हणून डबा स्थिर झाला, पृष्ठभाग हाताला चिकटेनासा झाला, की मी तो न हलवता वीस मिनिटं स्वयंपाकघरात ठेवते. मग अलगद उचलून बेडरूममध्ये नेते. तिथला एसी तासभर आधीच लावलेला असतो. एसी हवा थंड करतो त्याबरोबर तिच्यातलं पाणीही काढतो, तेच आपल्याला हवंय. नुसता पंखा उलट काम करतो, ओली हवा सतत टॉफीवर आणून घालतो. एसी नसेल तर पाऊस थांबलेली दुपार निवडा आणि पुढचं काम झपाट्याने उरका.

टॉफी पूर्ण गार होण्याची वाट पाहू नका. बुडाला हात लावल्यावर जेमतेम कोमट लागली की तोडायला घ्या. अगदी गरम असताना बरणी बंद केली तर आत वाफ धरेल, आणि गारठून बसू दिली तर तोवर वरचा थर ओलावलेला असतो. पेपरसकट बाहेर काढा, लाटण्याने दोन-तीन ठिकाणी ठोका आणि हाताने तोडा. तुकडे मोठेच ठेवा. जितके लहान तुकडे तितका तुटलेला, उघडा भाग जास्त. खाली पडलेला चुरा वेगळ्या बाटलीत भरा, मोठ्या तुकड्यांबरोबर नको, कारण चुरा आधी ओलावतो आणि सगळ्यांना एकत्र चिकटवतो.

बरणी कुठली, हे मी मागच्या जुलैमध्ये एकाच घाण्यावर करून पाहिलं. त्या दिवशी घड्याळाएवढ्या आर्द्रतामापकावर स्वयंपाकघरात ८८ टक्के दाखवत होतं. सारख्या आकाराचे तुकडे चार ठिकाणी ठेवले. ताटलीतला तुकडा चाळीस मिनिटांत बोटाला चिकटायला लागला आणि रात्रीपर्यंत खाली पाकाचा ओघळ. फराळाच्या स्टीलच्या डब्यातला दुसऱ्या दिवशी सकाळी चिकट होता. झाकण कितीही घट्ट बसो, त्याला रबर नसतं. रबराची कडी असलेल्या काचेच्या बरणीतला चौथ्या दिवशीपर्यंत बरा होता, पण आम्ही रोज बरणी उघडत होतो. आणि तशाच बरणीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकलेला तुकडा दोन आठवड्यांनीही कुट्कन तुटला. त्यानंतर उरलाच नाही, म्हणून पुढचं सांगता येत नाही.

सिलिका जेलची पुडी खाद्यपदार्थांसाठीची, न फाटलेली घ्या. रंग बदलणारे निळे मणी खाण्याजवळ नकोत, त्यांत कोबाल्टचा क्षार असतो. मिठात तांदूळ टाकतो तसे इथे टाकून काही होत नाही. घरातल्या तांदळात स्वतःचंच बारा-तेरा टक्के पाणी असतं, टॉफी त्याच्याकडूनच ओढून घेईल. आणखी एक: एका मोठ्या बरणीऐवजी तीन लहान बरण्या भरा. उघडाल ती एकच बिघडेल.

फ्रिज मात्र नाहीच. आत असेपर्यंत ठीक वाटतं, बाहेर काढली की थंड टॉफीवर हवेतलं पाणी दवासारखं धरतं आणि पाच मिनिटांत खेळ संपतो.

चॉकलेटचं आवरण

ओल रोखायला चॉकलेटचं आवरण हा जुना आणि खात्रीचा मार्ग. ऑस्ट्रेलियात १९१३ साली मेलबर्नच्या एबेल होडली यांनी व्हायोलेट क्रम्बल बाजारात आणला. त्यांनाही आधी हीच अडचण आली होती, तुकडे ओल धरून एकमेकांना चिकटायचे, आणि त्यावर चॉकलेटात बुडवणं हा उपाय निघाला. इंग्लंडमधली क्रंची त्यानंतरची, १९२९ ची. चॉकलेटातल्या स्निग्धांशातून पाणी सहज जात नाही, म्हणून हे काम करतं.

घरी करताना साधं कम्पाउंड चॉकलेट डबल बॉयलरवर वितळवा. ते हाताला कोमट लागेल इतकं निवू द्या, कारण गरम चॉकलेटात जाळी वितळते. चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडू देऊ नका, ते घट्ट होऊन बसतं. तुकडा काट्यावर घेऊन पूर्ण बुडवा आणि बटर पेपरवर ठेवा. एखादा कोपरा जरी उघडा राहिला तरी ओल तिथून आत शिरते आणि आठवड्याने आवरणातून पाक झिरपतो. हे काम टॉफी तोडल्याबरोबर करायचं. चिकट झालेल्या तुकड्यावर चॉकलेट लावणं म्हणजे ओल आत कोंडणं.

बिघडली तर कशामुळे

नवीन करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. टॉफी मऊ झाली की सगळे हवेला दोष देतात. एक तुकडा मधोमध तोडा. बाहेरून चिकट पण आतली जाळी कुरकुरीत असेल तर हवा दोषी, बरणी सुधारा. तोडताना तार निघाली, आतही चिवट लागली, तर पाक कच्चा होता. त्याला कुठलीही बरणी वाचवणार नाही, पुढच्या वेळी पाच अंश वर जा. जाळी बारीक आणि खाली काचेसारखा थर असेल तर ढवळणं जास्त झालं किंवा ओतायला उशीर झाला. फुलून एकदम बसली असेल तर बहुधा धक्का लागला. तोंडात साबणासारखी चव आली तर सोडा जास्त पडला किंवा चाळला नव्हता. तो वाढवून जास्त जाळी मिळत नाही, फक्त चव जाते.

मऊ झालेली टॉफी ओव्हनमध्ये वाळवायला जाऊ नका, जाळी बसते आणि हाती चिक्कीसारखा पत्रा येतो. त्यापेक्षा ती पातेल्यात टाका, पाव वाटी गरम साय किंवा क्रीम घाला आणि मंद आचेवर विरघळू द्या. सोनेरी सॉस होतो. आमच्याकडे तो आइस्क्रीमवर जातो. फसलेला घाणा आहे हे पाहुण्यांना सांगायची गरज नसते.